पगाराचं खातं बदलण्याबाबत

८ सप्टेंबर २०२५
प्रति: देसाई मॅडम, पगार विभाग
विषय: सप्टेंबरच्या पगारापासून नवीन बँक खातं

नमस्कार मॅडम,

मी प्रशांत शेवाळे, गुणवत्ता तपासणी, कर्मचारी क्र. ११४७. घराच्या कर्जासाठी मी बँक बदलली आहे. पगार त्याच बँकेत जमा होत असेल तर व्याजदरात थोडी सूट मिळते, म्हणून पगाराचं खातंही तिकडेच नेतो आहे.

आत्ता पगार ज्या खात्यात येतो त्याचे शेवटचे चार आकडे ४४१७. नवीन खात्याचे शेवटचे चार आकडे ९०६२. पूर्ण क्रमांक मुद्दाम मेलमध्ये लिहीत नाही. कॅन्सल चेक आणि पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आज जेवणाच्या सुट्टीत तुमच्या टेबलावर आणून देतो.

तीन गोष्टी सांगाल का?

सप्टेंबरचा पगार नवीन खात्यात येईल की ऑक्टोबरपासून?

पगाराशिवाय जे पैसे मिळतात (ओव्हरटाइमचा फरक, प्रवासाची बिलं, दिवाळीचा बोनस) ते याच एका बदलात धरले जातात की वेगळं कळवावं लागतं?

जुनं खातं कधी बंद करू?

माझं ऑगस्टचं कोल्हापूर दौऱ्याचं बिलही अजून यायचं आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंग तपासायला दोन दिवस गेलो होतो, रु. २,३८५. घाई नाही, फक्त लक्षात असू द्या.

आपला,
प्रशांत शेवाळे


९ सप्टेंबर २०२५
प्रति: प्रशांत शेवाळे

नमस्कार प्रशांत,

कागद मिळाले. पण नुसत्या मेलवर आम्ही कोणाचंही खातं बदलत नाही. मेल तुमच्या नावाने आला म्हणजे तो तुम्हीच पाठवला असं धरून चालत नाही. पगार दुसऱ्याच्या खात्यात वळवायला असेच मेल पाठवले जातात. त्यामुळे खातेबदलाचा फॉर्म सहीसह द्या आणि आज चार वाजेपर्यंत विभागातल्या फोनजवळ थांबा. मी स्वतः फोन करून खात्याचे शेवटचे आकडे तुमच्या तोंडून ऐकेन. चेकवर दिसतात तेच आहेत ना, एवढंच बघायचं आहे.

दोन दुरुस्त्या. एक, चेकवर नाव प्रशांत दत्तात्रय शेवाळे आहे आणि आपल्या नोंदीत प्रशांत डी. शेवाळे. पैसे खातेक्रमांकावर जातात हे खरं, तरी फॉर्मवर पूर्ण नाव लिहा, म्हणजे नोंद एकसारखी होईल. दुसरं, काल चेकसोबत जी चिठ्ठी ठेवलीत तिच्यात आयएफएससीचं पाचवं अक्षर इंग्रजी 'ओ'सारखं काढलं आहे. अकरा अक्षरांत पाचवं नेहमी शून्यच असतं. फॉर्मवर स्वच्छ शून्य काढा, नाहीतर सिस्टिम कोड घेतच नाही आणि मग सगळे मला विचारतात.

सप्टेंबरचा पगार नवीन खात्यात येईल. पगाराची यादी २० तारखेला बंद होते, त्याआधी फॉर्म आलाच पाहिजे. बदल झाल्यावर आधी एक रुपया पाठवून बघू. ओव्हरटाइम आणि बोनस पगाराच्याच यादीतून जातात, ते आपोआप बदलतील.

जुनं खातं नवीन खात्यात एक पूर्ण पगार येईपर्यंत बंद करू नका.

स्मिता देसाई
पगार विभाग


२४ सप्टेंबर २०२५
प्रति: देसाई मॅडम

मॅडम,

आज सकाळी ११.०५ ला नवीन खात्यात १ रुपया जमा झाल्याचा एसएमएस आला. पाठवणाऱ्याच्या नावात कंपनीचं नाव बरोबर दिसतं आहे. शून्याचा घोळ मिटला म्हणायचा.

प्रशांत


१ ऑक्टोबर २०२५
प्रति: देसाई मॅडम
विषय: पगार मिळाला, एक रक्कम दिसत नाही

नमस्कार मॅडम,

काल संध्याकाळी नवीन खात्यात रु. ४४,०५० जमा झाले. पगारपत्रकाशी ताडून पाहिलं. एकूण ४८,०००, त्यातून पीएफ ३,३००, व्यवसाय कर २०० आणि कँटीन ४५० वजा. बरोबर ४४,०५०. पगाराबद्दल काही शंका नाही.

कोल्हापूरचे रु. २,३८५ मात्र कुठेच नाहीत. अकाउंट्समधल्या सावंत साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, बिल मंजूर होऊन २९ सप्टेंबरलाच पैसे गेले. नवीन खात्यात आले नाहीत आणि जुन्यात बघायची सोय मीच ठेवली नाही.

तुम्ही थांबायला सांगितलं होतं, मी थांबलो नाही. २६ तारखेला रजेवर होतो, एक रुपया आलेला होता, आणि जुन्या बँकेच्या त्या शाखेत पुन्हा खेप नको म्हणून त्याच दिवशी खातं बंद करून टाकलं. उरलेले चेक बँकेने परत घेतले, शिल्लक नवीन खात्यात वळवली, बंद केल्याची पावती माझ्याकडे आहे.

म्हणजे २६ ला खातं बंद आणि २९ ला त्यात पैसे! रक्कम मोठी नाही, पण त्यातले १,१०० लॉजचे मी खिशातून दिले आहेत. शिवाय आता धास्ती बोनसची आहे. तो याच वाटेने गेला तर दिवाळीच्या तोंडावर शोधत बसावं लागेल. कृपया पाहाल का?

प्रशांत


१ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळ
प्रति: प्रशांत शेवाळे
प्रत: सावंत, अकाउंट्स

प्रशांत,

पैसे सापडले. बुडालेले नाहीत, कंपनीच्याच खात्यात परत येऊन पडले आहेत.

पगाराची यादी माझ्याकडे असते, तिथे तुमचं खातं बदललं. प्रवासाची बिलं मात्र अकाउंट्स पुरवठादारांच्या यादीतून देतं, आणि त्या यादीत कर्मचाऱ्यांची खाती वेगळी भरलेली आहेत. तिथे तुमचं ४४१७ तसंच राहिलं. ९ तारखेच्या उत्तरात मी ओव्हरटाइम आणि बोनसचं लिहिलं, प्रवासाच्या बिलांचं लिहायचं राहून गेलं. ती चूक माझी. तुम्ही तर स्पष्ट विचारलं होतं.

सावंतांसोबत बसून बँकेचं स्टेटमेंट काढलं. २९ सप्टेंबरला दुपारी पावणेएकला रु. २,३८५ एनईएफटीने निघाले. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचने जातं, आणि ज्या बँकेला रक्कम खात्यात जमा करता येत नाही तिने बॅच पूर्ण झाल्यापासून दोन तासांत ती परत पाठवायची असते. तशी ती त्याच दिवशी २.४० ला परत आली, शेऱ्यात 'खाते बंद' असं कारण आहे. पण अकाउंट्समध्ये महिनाअखेरीची गडबड. परत आलेल्या नोंदीवर कोणाचं नाव नव्हतं, म्हणून ती कोणाची ते कळेपर्यंत सस्पेन्स खात्यात टाकून ठेवली. सावंतांकडे पैसे 'गेले' असं दिसत होतं ते यामुळे.

त्यांच्या यादीतही आता तुमचं खातं ९०६२ केलं आहे. उद्या गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी. एनईएफटी सुट्टीतही चालू असतं, पण आपल्याकडे पैसे सोडायला दोन सह्या लागतात आणि उद्या सही करणारं कोणी नाही. रक्कम ३ तारखेला निघेल. यूटीआर क्रमांक मी पाठवते.

बोनसची काळजी करू नका. त्या यादीचा कच्चा प्रिंट आज मुद्दाम काढला. तुमच्या नावापुढे ९०६२ च आहे.

तुमच्याकडून एक काम बाकी आहे. पीएफच्या यूएएन पोर्टलवर अजून जुनंच खातं असेल. ते आम्ही बदलू शकत नाही, तुमच्या लॉगिननेच होतं. केवायसीत नवीन खातं घाला आणि आधारच्या ओटीपीने पक्कं करा. एप्रिल २०२५ पासून त्याला कंपनीच्या मंजुरीची गरज उरलेली नाही, त्यामुळे माझ्यासाठी थांबू नका. ते राहिलं तर उद्या पीएफमधून काही काढायला गेलात की असाच अडकाल, आणि ते २,३८५ नसतील. आयकराच्या पोर्टलवर परताव्यासाठी जुनं खातं दिलं असेल तर तेही बघा.

स्मिता देसाई


६ ऑक्टोबर २०२५
प्रति: देसाई मॅडम
प्रत: सावंत साहेब

नमस्कार,

३ तारखेला दुपारी १.३५ ला रु. २,३८५ नवीन खात्यात आले. तुम्ही पाठवलेला यूटीआर आणि पासबुकातला तंतोतंत जुळतो.

शनिवारी घरी बसून एप्रिलपासूनचा सगळा हिशेब एका कागदावर मांडला. एप्रिल ते ऑगस्टचे पाच पगार जुन्या पासबुकात आहेत. सप्टेंबरचा नवीन खात्यात. जूनमधला ओव्हरटाइमचा फरक रु. १,२६० जुन्या खात्यात आला होता. प्रवासाची दोन बिलं: मेचं पुण्याचं जुन्या खात्यात, ऑगस्टचं कोल्हापूरचं हे आत्ताचं. सगळ्यांवर बरोबरच्या खुणा झाल्या, एकही नोंद सुटलेली नाही. जुन्या खात्यातून दरमहा कापला जाणारा विम्याचा हप्ताही नवीन खात्यावर वळवला. तो १० तारखेचा असल्यामुळे थोडक्यात वाचलो.

पीएफचं काल रात्री केलं. ओटीपी तिसऱ्या वेळी आला. आता तिथे नवीन खातं मंजूर असं दिसतं आहे. आयकरावर जुनंच होतं, तेही बदललं.

तेव्हा माझ्याकडून लेखी कळवतो: ६ ऑक्टोबर २०२५ अखेर कंपनीकडून मला येणं असलेली कोणतीही रक्कम राहिलेली नाही. खातं ४४१७ दोन्ही याद्यांतून कायमचं काढून टाकावं.

आमच्या विभागातले माने आणि पोळ हेही याच बँकेत खातं उघडणार आहेत. त्यांना मी दोन फॉर्म भरायला सांगितलं आहे, एक तुमचा आणि एक अकाउंट्सचा. अकाउंट्सचा असा फॉर्म मुळात नाही हे सावंत साहेबांनी आज सांगितलं. तोवर तुमच्याच फॉर्मच्या झेरॉक्सवर 'प्रवास बिलांसाठी' असं लिहून दिलं तर ते घेतील, असं म्हणाले.

प्रशांत शेवाळे


६ ऑक्टोबर २०२५
प्रति: प्रशांत शेवाळे

प्रशांत,

नोंद घेतली. ४४१७ दोन्ही ठिकाणांहून काढलं, स्क्रीनचा प्रिंट तुमच्या फाइलला लावला आहे.

झेरॉक्सची गरज नाही. फॉर्ममध्ये आज एक ओळ वाढवली: 'प्रवास बिले याच खात्यात: होय / नाही'. माने आणि पोळ यांना जुने फॉर्म भरू देऊ नका, नवीन माझ्याकडून न्यायला सांगा.

स्मिता देसाई