बागेच्या साइटचा नव्वद दिवसांचा आढावा : १ फेब्रुवारी ते १ मे २०२५

बाबा, काका, दादा आणि वहिनी यांच्यासाठी. रविवारी ४ तारखेला देवगडला बसू, त्याआधी वाचून ठेवा. निर्णय चारच घ्यायचे आहेत, पण त्यामागचे आकडे बघितल्याशिवाय वाद होणार हे मला ठाऊक आहे.

आधी निकाल सांगतो. साइटने स्वतःचा खर्च कसाबसा भरून काढला, वर साडेचार हजार सुटले. जाहिरात केली नसती तर साधारण साडेएकवीस हजार सुटले असते. तरीही जाहिरात कायमची बंद करा असं मी म्हणणार नाही. का, ते पुढे येईल.

चौकशांचे आकडे फोनजवळच्या वहीतले आहेत, गूगल अ‍ॅनालिटिक्सचे नाहीत. अ‍ॅनालिटिक्सच्या हिशेबाने व्हॉट्सअ‍ॅपचं बटण ४०२ वेळा दाबलं गेलं, प्रत्यक्षात मेसेज आले २३६. बटण दाबून बरेच जण नुसते बघून परत जातात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी आपली लिंक पुढे पाठवली, तर तिथून आलेला माणूस बहुतेक वेळा ‘थेट आलेला’ म्हणूनच मोजला जातो. म्हणून प्रत्येकाला ‘आमचा पत्ता कुठून मिळाला?’ हे विचारून वहीत लिहायची वहिनींची सवय फार कामी आली. एकूण चौकशा ३१२ : व्हॉट्सअ‍ॅपवर २३६, फोनवर ६८ आणि साइटवरचा फॉर्म भरून फक्त ८. फॉर्म काढून टाकतो, त्यासाठी चर्चा नको.

| कुठून आले | भेटी | चौकशा | ऑर्डरी |
|---|---|---|---|
| गूगल शोध | १,६२० | ११८ | ४४ |
| फेसबुक-इन्स्टाग्राम जाहिरात | १,९८० | ७१ | १३ |
| ओळखीतून, पुढे पाठवलेली लिंक | ८९० | ९२ | ५८ |
| गूगल मॅप | २४० | २७ | ९ |
| कळलं नाही | १३० | ४ | २ |
| एकूण | ४,८६० | ३१२ | १२६ |

फेब्रुवारीत ८२० भेटी, मार्चमध्ये १,६९० आणि एप्रिल ते १ मे २,३५०. दादाने हा चढता आलेख ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांनी अंगठे दिले. पण ही चढ आंब्याची आहे, साइटची नाही. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आंबा शोधणारे वाढतातच, आपली साइट असो वा नसो. साइट सुधारली का हे बघायचं तर शंभर भेटींमागे चौकशा किती, हे बघावं लागतं. तो आकडा फेब्रुवारीत ३.८, मार्चमध्ये ६.२ आणि एप्रिलमध्ये ७.५ आहे. यातही हंगामाचा हात आहेच, कारण एप्रिलमध्ये येणारा घ्यायच्या तयारीनेच येतो. खरी तुलना पुढच्या फेब्रुवारीशी होईल. त्यासाठी एक काम आजच केलं आहे : अ‍ॅनालिटिक्समध्ये तपशीलवार माहिती मुळात दोनच महिने राहते, ती मुदत चौदा महिन्यांची करून ठेवली. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचं जपून ठेवतं, तिथे काही करायला नको.

आता खर्च. साइट बनवायला ३८,००० आणि बागेचे फोटो काढायला ९,००० लागले. हे ४७,००० एकाच हंगामावर टाकणं अन्यायाचं होईल. साइट तीन हंगाम तरी चालेल, म्हणून यंदाच्या वाट्याला १५,६६७. डोमेन आणि होस्टिंगचे वर्षाचे ५,४०० मात्र पूर्ण यंदाच धरले, कारण विक्री याच दिवसांत होते. फोन-मेसेजला बसवलेल्या मुलाचे तीन महिन्यांचे १२,०००. जाहिरात २२,५०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५०. एकूण ५९,६१७.

दुसऱ्या बाजूला कमाई. विक्रीचा एकूण आकडा इथे कामाचा नाही, कारण साइट नसती तर तोच आंबा वाशीला गेला असता आणि त्याचेही पैसे आलेच असते. म्हणून वाशीच्या पट्टीपेक्षा थेट विक्रीत जास्तीचं किती सुटलं, एवढंच धरायचं. खोका, पेंढा, पार्सलचं भाडं आणि खराब निघालेल्या फळांची भरपाई वजा जाता ते एका ऑर्डरमागे सरासरी ७२० रुपये पडतं. पुढे सगळीकडे माप हेच आहे.

१२६ ऑर्डरींना ७२० ने गुणून खर्च वजा केला तर ३१,१०३ रुपये नफा दिसतो. काकांनी हाच हिशेब मांडला होता. पण ओळखीतून आलेल्या ५८ ऑर्डरींपैकी ३७ जुन्या घरांच्या आहेत, जी माणसं गेल्या वर्षी बाबांना फोन करून पेटी मागवत होती. त्यांनी यंदा फोनऐवजी लिंक उघडली एवढंच. त्या वगळल्या तर साइटमुळे आलेल्या ऑर्डरी ८९. त्यांचे ६४,०८०, वजा खर्च ५९,६१७, बाकी ४,४६३. एका नव्या ऑर्डरमागे खर्च ६७० रुपये, आणि सुटतात ७२०.

या खर्चात जाहिरातीचा वाटा सर्वांत मोठा आणि ऑर्डरी अवघ्या १३. म्हणजे एका ऑर्डरला २,०४२ रुपये. नुसता हा आकडा बघितला तर काका म्हणतात तसं ‘पैसे समुद्रात’. वही उघडल्यावर चित्र थोडं बदलतं. जाहिरातीवरून आलेल्या ७१ चौकशांपैकी ३१ अशा गावांहून होत्या, जिथे आपलं पार्सल जातच नाही. आपण पाठवतो मुंबई, ठाणे आणि पुणे. जाहिरात मात्र सगळ्या महाराष्ट्रात दिसत होती. नागपूर आणि जळगावच्या लोकांना रोज ‘क्षमस्व’ लिहून मुलगा कंटाळला. आणखी १४ चौकशा पहिल्या तोड्याच्या आधीच्या. जाहिरात १५ फेब्रुवारीला सुरू झाली, आंबा उतरवला १० मार्चला. झाडावर कैरी असताना ७,१०० रुपये जाहिरातीवर गेले. या दोन्ही बाजूला काढल्या तर उरतात २६ चौकशा, त्यांतल्या १३ ऑर्डरी झाल्या. निम्म्या! गूगल शोधाच्या ११८ चौकशांत हे प्रमाण ३७ टक्के आहे. जाहिरात बघून येणारा माणूस वाईट नाही, आपण ती चुकीच्या गावी आणि चुकीच्या महिन्यात दाखवली.

२६ चौकशा हा फार छोटा नमुना आहे, हेही लक्षात ठेवा. जाहिरात बघून नाव लक्षात राहिलं आणि मग गूगलवर शोधलं, असेही काही असतील. ते तपासायला ११ ते २० एप्रिल जाहिरात बंद ठेवली होती. शोधातून येणाऱ्या चौकशा घटल्या नाहीत, पण त्या दिवसांत अक्षय्य तृतीयेची मागणी चढत होती, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही.

माझ्या मते या आढाव्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट भेटी नाहीत, गेलेल्या चौकशा आहेत. १८६ जणांनी विचारलं आणि घेतलं नाही. ५२ जणांच्या गावी पार्सल जात नव्हतं. ४९ जणांना उत्तर उशिरा गेलं. ४१ जणांना भाव जास्त वाटला. २७ जणांना हवा तेव्हा आंबा नव्हता. १७ जणांचं कारण कळलं नाही.

उशिराच्या ४९ पैकी ३३ मेसेज रात्री आठनंतरचे आहेत. मुंबईचा माणूस जेवण उरकून मोबाइल हातात घेतो तेव्हा आपल्याकडे निजानीज झालेली असते. सकाळी तोडणी, मग निवड, मग पेट्या भरणं. उत्तर जातं दुपारी, तोपर्यंत त्याने दुसरीकडे सांगितलेलं असतं. शोधाचंच ३७ टक्के प्रमाण धरलं तर या ४९ मधून १८ ऑर्डरी झाल्या असत्या, म्हणजे १२,९६० रुपये. दादाची मुलगी रात्री आठ ते साडेदहा उत्तरं द्यायला तयार आहे. मे महिन्याचे तिला २,००० द्यावेत. घरचीच आहे म्हणून फुकट नको, नाहीतर चार दिवसांनी कोणी बघणार नाही.

भाव जास्त म्हणणाऱ्यांशी घासाघीस करायची गरज नाही. त्यांतले बरेच जण हातगाडीवरच्या ‘देवगड’ लिहिलेल्या खोक्याशी तुलना करतात, आणि त्यात कर्नाटकचा आंबाही असतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपली त्यात नोंदणीही आहे. पण प्रमाणपत्राचा फोटो साइटच्या तिसऱ्या पानाच्या तळाशी पडला आहे. तो भावाच्या शेजारी आणतो.

पहिल्या पानावर बागेचा व्हिडिओ आहे तो काढायचा. बाबांना आवडतो, माहीत आहे, पण त्याच्यामुळे पान ६.८ एमबीचं झालंय आणि बहुतेक लोक मोबाइलवर येतात. त्या जागी तीन गोष्टी : आजचा भाव, आज काय मिळेल (दोन डझनांचा खोका की पाच डझनांची पेटी, कुठल्या तारखेला निघेल) आणि पिनकोड टाकला की पार्सल येतं की नाही. साइट बनवणाऱ्याने या कामाचे ६,५०० सांगितले आहेत. ‘आज काय मिळेल’ ही ओळ रोज सकाळी काकांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायची, मी बदलीन. हे जमणार नसेल तर ओळ नकोच. शिळी माहिती असण्यापेक्षा नसलेली बरी.

शोधाच्या १,६२० भेटींपैकी ५४० ‘आंबा घरी कसा पिकवावा’ या एका पानावर आल्या, चौकशा तिथून अवघ्या ११. काकांना ते पान वाया गेलेलं वाटतं. मला त्याचा वेगळा उपयोग दिसतो : त्याचा क्यूआर कोड खोक्यातल्या चिठ्ठीवर छापू. आंबा हिरवा आला, फ्रिजमध्ये ठेवू का, आतून पांढरट साका निघाला तर काय, असे फोन कमी होतील. लिंकच्या शेवटी `utm_source=khoka` लावतो, म्हणजे खोक्यातून किती आले ते वेगळं कळेल.

ऑनलाइन पैसे भरण्याची सोय दादाला हवी आहे. यंदा नको. पेटी कुठल्या दिवशी निघेल हे फळ ठरवतं. आधी पैसे घेऊन तारीख चुकली की परत करण्याची कटकट. आंबा उतरला की यूपीआयने पैसे घेतो, त्यावर एकाचीही तक्रार नाही.

वहिनींसाठी एक बातमी. साइटवर कोकम आगळाचा उल्लेख एका ओळीत आहे, तरी त्या शोधात आपण १,१४० वेळा दिसलो आणि १९ जण आत आले. काहीही न करता. कोकमं आत्ता उतरताहेत, आगळ पावसाळ्यात आणि नंतरही पाठवता येतं. वेगळं पान मी लिहितो. बाटलीचा भाव आणि किती बाटल्या होतील ते वहिनींनी सांगायचं.

तर रविवारी ठरवायचं ते एवढंच. यंदाची जाहिरात आत्ताच थांबवायची का. माझं मत हो. पुढच्या वर्षी पहिल्या तोड्यानंतर, फक्त मुंबई-ठाणे-पुण्यात, जीएसटी धरून ८,००० पर्यंत करायची का; माझं मत हो, पण निम्मे पैसे खर्चून सहा ऑर्डरी आल्या नाहीत तर तिथेच बंद, कारण ८,००० भरून यायला १२ ऑर्डरी लागतात. रात्रीच्या उत्तरांचे २,००० आणि पहिल्या पानाचे ६,५०० मंजूर आहेत का. आणि आगळ किती बाटल्या. पहिल्या पानाचं काम ८ तारखेपर्यंत झालं तरच यंदा उपयोग, कारण शेवटचं पार्सल २० मेच्या पुढे जाईल असं बाबांना वाटत नाही.