जामीन करारनाम्याचे कलम ९: मूळ मजकूर आणि सहीसाठी साधा मजकूर

एका नागरी सहकारी बँकेच्या वाहनकर्जाच्या जामीन करारनाम्यातील हे कलम आहे. खाली आधी ते जसेच्या तसे दिले आहे आणि त्यानंतर साध्या मराठीत. यापुढे करारनाम्यात फक्त साधा मजकूर छापला जाईल. एकाच कागदावर दोन्ही मजकूर ठेवले तर उद्या दोघांत फरक निघाल्यावर कोणता खरा मानायचा, हा वाद कोर्टात जातो. म्हणून जुन्या कलमातली एकही जबाबदारी साध्या मजकुरात सैल करायची नाही आणि नवी घालायचीही नाही.

मूळ कलम ९

"जामीनदार याद्वारे अपरिवर्तनीयरीत्या व बिनशर्त मान्य व कबूल करतात की, कर्जदाराने सदर कर्जाच्या परतफेडीत कसूर केल्यास मुद्दल, त्यावरील करारानुसार देय व्याज, दंडात्मक आकार, वसुलीखर्च व अनुसूची 'ब' मध्ये नमूद आनुषंगिक रकमा मिळून होणारी संपूर्ण येणे बाकी, बँकेने लेखी मागणी केल्यास, कलम १४ अन्वये मागणी झाल्याचे मानण्यात येईल त्या दिनांकापासून १५ दिवसांचे आत जामीनदार संयुक्तपणे व पृथकपणे बँकेस अदा करतील, जामीनदारांचे दायित्व कर्जदाराच्या दायित्वाशी सहविस्तारी राहील व कर्जदाराविरुद्ध वा तारणाविरुद्ध प्रथम कार्यवाही करणे ही जामीनदारांविरुद्धच्या कार्यवाहीची पूर्वअट असणार नाही, कर्जदारास मुदतवाढ वा सवलत दिल्याने, हप्त्यांची पुनर्रचना केल्याने अथवा तारण पूर्णतः वा अंशतः मुक्त केल्याने जामीनदार दायित्वमुक्त होणार नाहीत व भारतीय करार अधिनियम, १८७२ ची कलमे १३३, १३४, १३५, १३९ व १४१ अन्वये प्राप्त होणारे हक्क ते याद्वारे सोडून देतात, परंतु मंजूर कर्जरकमेत वाढ करण्यास जामीनदारांची लेखी पूर्वसंमती आवश्यक राहील व अशा संमतीविना केलेल्या वाढीव रकमेचे दायित्व जामीनदारांवर राहणार नाही, सदर जामिनकी कर्जदाराच्या वा कोणत्याही जामीनदाराच्या मृत्यूने वा दिवाळखोरीने संपुष्टात येणार नाही व मयत जामीनदाराच्या वारसांवर, त्यांच्या हाती आलेल्या मयताच्या मिळकतीच्या मर्यादेपर्यंत, बंधनकारक राहील, तसेच जामीनदारांच्या बँकेकडील ठेवी व खात्यांतील शिल्लक यांतून सदर येणे वळती करून घेण्याचा बँकेस हक्क राहील, मात्र तत्पूर्वी ७ दिवसांची लेखी सूचना देणे बँकेवर बंधनकारक राहील."

साधा मजकूर: कलम ९, जामीनदाराची जबाबदारी

या कलमात "तुम्ही" म्हणजे या करारावर जामीनदार म्हणून सही करणारी प्रत्येक व्यक्ती.

९.१ कर्जदाराने कर्जाची परतफेड ठरल्याप्रमाणे केली नाही, तर बँक लेखी पत्र देऊन संपूर्ण येणे बाकी तुमच्याकडे मागू शकते. राहिलेली मुद्दल, करारानुसार होणारे व्याज, दंडात्मक आकार, वसुलीचा खर्च आणि अनुसूची 'ब' मध्ये दिलेल्या इतर रकमा मिळून येणे बाकी होते. ही जबाबदारी तुम्ही कोणतीही अट न घालता घेत आहात. सही केल्यानंतर ती मागे घेता येणार नाही.

९.२ मागणी झाल्यापासून १५ दिवसांच्या आत तुम्हाला ही रक्कम भरावी लागेल. कलम १४ प्रमाणे, बँकेने स्पीड पोस्टाने पत्र पाठवले त्या तारखेनंतरच्या तिसऱ्या दिवशी मागणी झाली असे धरले जाते. उदाहरणार्थ, पत्र १ जूनला पाठवले तर मागणी ४ जूनला झाली असे धरले जाईल आणि रक्कम भरण्याचा शेवटचा दिवस १९ जून असेल.

९.३ जामीनदार एकापेक्षा जास्त असले, तरी प्रत्येक जण पूर्ण रकमेला जबाबदार आहे. बँक सगळी रक्कम तुमच्या एकट्याकडून मागू शकते, दुसऱ्या जामीनदाराकडून मागू शकते किंवा सर्वांकडून मिळून मागू शकते.

९.४ कर्जदार जेवढे देणे लागतो, तेवढेच तुम्हीही देणे लागता. तुमच्याकडे मागण्याआधी बँकेने कर्जदारावर कारवाई केली पाहिजे किंवा तारण ठेवलेले वाहन विकले पाहिजे, असे बंधन बँकेवर नाही.

९.५ बँकेने कर्जदाराला मुदत वाढवून दिली, सवलत दिली, हप्ते बदलून दिले, किंवा तारण पूर्ण अथवा काही प्रमाणात सोडले, तरी तुमची जबाबदारी संपत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ जामीनदाराला काही संरक्षणे देतो. त्यांपैकी पुढील पाच तुम्ही सोडून देत आहात:

कलम १३३: तुमच्या संमतीशिवाय बँकेने आणि कर्जदाराने कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारांच्या जबाबदारीतून सुटण्याचा हक्क.

कलम १३४: बँकेने कर्जदाराला करार करून मोकळे केले, किंवा बँकेच्या एखाद्या कृतीमुळे अथवा तिने काही न केल्यामुळे तो कायद्याने मोकळा झाला, तर तुम्हीही मोकळे होण्याचा हक्क.

कलम १३५: बँकेने तुमच्या संमतीशिवाय कर्जदाराशी तडजोडीचा करार केला, किंवा त्याला मुदत देण्याचा अथवा त्याच्यावर दावा न लावण्याचा करार केला, तर मोकळे होण्याचा हक्क.

कलम १३९: बँकेने तुमच्या हक्कांना बाधक अशी कृती केली, किंवा तुमच्याप्रती असलेले कर्तव्य केले नाही, आणि त्यामुळे कर्जदाराकडून भरपाई घेण्याचा तुमचा मार्ग कमकुवत झाला, तर मोकळे होण्याचा हक्क.

कलम १४१: तुम्ही जामीन झालात तेव्हा बँकेकडे असलेल्या तारणाचा फायदा मिळण्याचा हक्क, आणि ते तारण बँकेने तुमच्या संमतीशिवाय गमावले किंवा सोडले तर त्याच्या किमतीइतकी जबाबदारी कमी होण्याचा हक्क.

९.६ मंजूर कर्जाची रक्कम वाढवायची असेल, तर बँकेने आधी तुमची लेखी संमती घेतली पाहिजे. ती न घेता वाढवलेल्या रकमेची जबाबदारी तुमच्यावर राहणार नाही.

९.७ कर्जदार किंवा कोणताही जामीनदार मरण पावला अथवा दिवाळखोर झाला, तरी ही जामिनकी संपत नाही. तुमच्या मृत्यूनंतर ती तुमच्या वारसांना लागू होईल. मात्र तुमच्या मिळकतीतून त्यांच्या हाती जेवढे आले, तेवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी असेल.

९.८ या बँकेत तुमच्या ठेवी किंवा खाती असतील, तर त्यांतली रक्कम बँक येणे बाकीसाठी वळती करून घेऊ शकते. तसे करण्याआधी बँकेने तुम्हाला ७ दिवसांची लेखी सूचना दिलीच पाहिजे.

मजकूर बदलताना जिथे अर्थ निसटू शकला असता

सर्वांत मोठा धोका ९.३ मध्ये आहे. "संयुक्तपणे व पृथकपणे" हे शब्द वाचून बहुतेक जामीनदार आपापसांत निम्मेनिम्मे वाटून घेण्याचा हिशेब करतात. "सर्व जामीनदार मिळून जबाबदार आहेत" एवढेच लिहिले असते तर वाक्य सोपे झाले असते, पण बँकेचा प्रत्येकाकडून पूर्ण रक्कम मागण्याचा हक्क गळला असता. समजा ८ लाखांच्या कर्जात ३,६०,००० रुपये मुद्दल, १४,५०० रुपये व्याज, १,२०० रुपये दंडात्मक आकार आणि २,३०० रुपये वसुलीखर्च राहिला आहे आणि अनुसूची 'ब' मधले काही देणे नाही. एकूण ३,७८,००० रुपये झाले. दोन जामीनदारांपैकी एकाची ठेव याच बँकेत असेल, तर बँक सारे पैसे त्याच्याकडूनच घेऊ शकते. १,८९,००० रुपयांचा निम्मा वाटा हा जामीनदारांच्या आपसातला हिशेब आहे. करार अधिनियमाच्या कलम १४६ नुसार, वेगळे काही ठरले नसेल तर, तो दुसऱ्या जामीनदाराकडून मागता येतो. भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा आधार कलम १४५ मध्ये आहे, आणि ते कलम सोडून दिलेल्या पाचांत नाही. जामीनदाराला ही माहिती तोंडी जरूर सांगावी. कलमात मात्र ती घातलेली नाही, कारण मूळ कलमातही नाही.

९.५ जुन्यापेक्षा लांब झाले आहे आणि ते लांबच राहिले पाहिजे. जुन्या मजकुरात पाच आकडे होते. सही करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नव्हते, आणि कायद्याचे पुस्तक उघडून कोणी सही करत नाही. फक्त "काही कायदेशीर हक्क सोडता" असे लिहिणे सोपे होते, पण तेवढ्याने जामीनदार कशावर पाणी सोडतो आहे हे झाकले गेले असते. आकडे काढलेले नाहीत, कारण वकील आणि न्यायाधीश त्यांनीच कलम शोधतात. कलम १४० सुद्धा त्या पाचांत नाही. देणे पूर्ण फेडल्यावर बँकेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क जामीनदाराकडे येतात, असे ते कलम सांगते. ते चुकूनही यादीत शिरू नये.

"शकते" आणि "पाहिजे" यांची अदलाबदल हे मजकूर बिघडण्याचे नेहमीचे कारण. ठेव वळती करणे हा बँकेचा हक्क आहे, म्हणून "करून घेऊ शकते". सात दिवसांची सूचना हे बंधन आहे, म्हणून "दिलीच पाहिजे". पहिल्या ठिकाणी "करेल" लिहिले तर बँकेने दरवेळी ठेवीला हात घालायलाच हवा असा अर्थ होतो. दुसऱ्या ठिकाणी "सूचना दिली जाईल" लिहिले तर सूचना न देता वळती केल्यावर जामीनदाराच्या हाती नेमके काय उरते, ते पुसट होते.

९.२ मधली मोजणी कलम १४ मधून इथे आणली, कारण पंधरा दिवस पत्र हातात पडल्यापासून मोजायचे असे कोणीही धरेल. तारखेचे उदाहरण मूळ मजकुरात नाही, पण त्याने कोणाचाही दिवस कमी-जास्त होत नाही. कलम १४ कधी बदलले, तर ९.२ त्याच दिवशी बदलावे लागेल.

९.६ बद्दल जामीनदार हमखास विचारतो: व्याजदर वाढला तर? मूळ कलमात संमतीची अट फक्त कर्जरकमेपुरती आहे. "रक्कम किंवा व्याजदर" असे लिहिले असते तर जामीनदाराला न मिळालेले संरक्षण कागदावर दिसले असते. ते द्यावे असे आम्हाला मनापासून वाटते, पण तो संचालक मंडळाचा निर्णय आहे आणि त्यासाठी वेगळा प्रस्ताव दिला आहे.

दंडात्मक आकार व्याजात मिसळलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार हा आकार वेगळा दाखवायचा असतो आणि त्यावर पुढे व्याज लावता येत नाही. "व्याज व दंड" अशी एकच ओळ केली असती, तर शाखेतल्या हिशेबातही तो फरक मिटण्याची भीती होती.

सहीपूर्वी कर्ज अधिकाऱ्याने कलम वाचून दाखवावे आणि जामीनदाराला तीन प्रश्न विचारावेत: बँक आधी कोणाकडे जाऊ शकते, तुमच्या एकट्याकडून जास्तीत जास्त किती मागू शकते, आणि कर्जदाराला मुदतवाढ मिळाली तर तुम्ही सुटता का. "कोणाकडेही", "सगळी येणे बाकी" आणि "नाही" ही उत्तरे आली पाहिजेत. एखादे उत्तर चुकले तर ते उपकलम पुन्हा वाचावे आणि सही दुसऱ्या दिवशी घ्यावी. एकाच उपकलमावर अनेक जामीनदार अडखळले, तर तसे मुख्य कार्यालयाच्या कर्ज विभागाला कळवावे. तिथला मजकूर पुन्हा लिहिला जाईल.