सुद्या, चाळीस झाले मरे!

प्रिय सुद्या,

वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! देवी शांतादुर्गा तुला उदंड आयुष्य देवो. ते तुला लागणारच आहे, कारण तुझी ‘पाच मिनिटं’ साधारण सव्वा तासाची असतात. गेल्या रविवारी फोनवर म्हणालास, “पावलोंच मरे, फेरीकडे आसां.” मागे बालदीत नळाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. फेरीबोटीत आंघोळीची सोय केव्हापासून झाली रे?

तुझी मासेमारी हा तर स्वतंत्र विषय. चोडणच्या मानशीवर रात्रभर गर टाकून बसलास आणि सकाळी घरी आणलेस काय, तर सहा बांगडे. मानशीत शेवटो मिळतो, खरचाणी मिळते, नशीब असलं तर चोणकही मिळतो. बांगडे, तेही बर्फ लागलेले, फक्त तुलाच मिळतात. वहिनींनी एक शब्द न बोलता हुमण केलं. त्या माउलीला माझा साष्टांग नमस्कार सांग.

आणि जत्रेचं नाटक? दीड महिना तालीम, अख्ख्या नाटकात तुला वाक्य एकच: “महाराज, शत्रू वेशीपर्यंत आला आहे!” तू ऐटीत आलास, भाला आपटलास आणि गर्जलास, “महाराज, वेस शत्रूपर्यंत आली आहे!” महाराज पाठमोरे होऊन हसले, प्रॉम्प्टरने वही तोंडावर धरली, आणि तू मात्र टाळ्या आपल्यालाच म्हणून पुन्हा एकदा मुजरा केलास. (टाळ्या खरंच तुलाच होत्या. महाराजांचं स्वगत आज कोणाला आठवतंय?)

डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून मिरामारला जातोस म्हणे. चांगलं आहे. पण गाडा दिसेपर्यंत चालायचं आणि मग दोन प्लेट रोस-आमलेट, वर आणखी एक पाव ‘रोस उरलाय म्हणून’, ह्याला व्यायाम म्हणत नाहीत.

बाकी एक गोष्ट ह्या निमित्ताने बोलून टाकतो, समोर बोललो तर तू ‘गप रे’ म्हणशील. बाबांना रात्री दोन वाजता बांबोळीला नेलं, तेव्हा तुला फोन केला. तू ‘पावलोंच’ म्हणाला नाहीस. काहीच न बोलता फोन ठेवलास, आणि आमची गाडी कॅज्युअल्टीच्या दाराशी लागली तेव्हा तू तिथे आधीच उभा होतास. शर्ट उलटा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. त्यातली एक वहिनींची होती, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आता ग्रुपवर टाकतोय.

संध्याकाळी आमच्याकडे ये. बायकोने तुझ्यासाठी बेबिंका मागवलाय आणि चोणक मी बाजारातून विकत आणलाय, उघडपणे. वेळ सहाची.

बाकी सगळ्यांना साडेसात सांगितलंय.

तुझाच,
महाराज