हॉलसाठी टीव्हीचा ठराव

अध्यक्ष, सेक्रेटरी आणि सगळ्या सभासदांना नमस्कार.

1 ऑगस्ट 2024 आठवतोय? आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं. त्या दुपारी आम्ही सात-आठ जण जिन्यात एका मोबाईलवर वाकून बघत होतो. तळमजल्याच्या आजी पायरीवर बसून सारख्या विचारत होत्या, "लागला का रं नेम?" त्यांना काहीच दिसत नव्हतं. मला ते फार लागलं. खाली एवढा मोठा हॉल, आणि त्याला कुलूप!

म्हणून मी ठराव मांडतो, की हॉलमध्ये सोसायटीचा एक 55 इंची टीव्ही बसवावा. टीव्ही 43 हजारांचा, स्टॅबिलायझर, भिंतीवरचा स्टँड आणि कुलपाची पेटी मिळून 5 हजार. 32 फ्लॅट, प्रत्येकी दीड हजार. सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही. ज्यांना एकदम जड जाईल त्यांनी तीन हप्त्यांत द्यावेत, नाव कुठं लागणार नाही.

आवाजाची काळजी रास्त आहे. रात्री दहाला बंद, परीक्षेच्या दिवसांत आठला. किल्ली वॉचमनकडं.

घरोघरी टीव्ही आहे, मान्य. पण मॅचला शेजारी ओरडल्याशिवाय मजा येते का? आणि मुलगा पुण्याला, सून बेंगळुरूला, अशी एकटी माणसं आपल्याकडं पाच आहेत. संध्याकाळी त्यांना खाली यायला काहीतरी निमित्त पाहिजे हो.

अनुमोदन कोण देतंय?