आबांची खातेवही

पहिल्या घंटेला वीस मिनिटं असताना नाना मेकअपरूमच्या बाथरूममधून भिंत धरत बाहेर आला. दाढी अर्धीच चिकटवलेली, अंगात हुडहुडी. दुपारपासून जुलाब चालू होते आणि गड्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"शुभारंभाचा प्रयोग आहे ताई, मी उभा राहतो," म्हणाला आणि खाली बसला.

माधुरीताईंनी कपाळाला हात लावून पाहिला. "रिक्षा बोलवा रे. आधी दवाखाना."

दिग्दर्शक सरांचा चेहरा नानापेक्षा पांढरा. प्रयोग रद्द, तिकिटांचे पैसे परत, एवढंच ते बोलत होते. बाहेर संभाजीराजे नाट्यगृहाच्या आवारात यावल-रावेरकडच्या गाड्या लागल्या होत्या. केळीवाल्यांचं नाटक म्हणून माणसं घरच्या बायकापोरांसकट आली होती.

नाना भुसावळची ड्युटी संपवून तालमीला कायम उशिरा यायचा. तोवर त्याच्या जागी कुणाला तरी उभं करावं लागे, आणि ते प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या रवीच्या वाट्याला येई. फुकटचा ताप म्हणून सगळे हसायचे त्याला.

"रवी, धोतर नेस."

"ताई, मले पाठ नही ना!"

"हालचाली पाठ आहेत ना? वाक्यं मी देते."

नाटकातले आबा बहुतेक वेळ खातेवही घेऊनच बसतात. ताईंनी नानाच्या संहितेची पानं सरळ फाडली आणि सेलोटेपनं वहीत चिकटवली. सर "अहो, अहो" करत राहिले. कोट रवीच्या अंगात दोन माणसं मावतील इतका ढगळ. पाठीमागून सहा सेफ्टी पिना लावल्या आणि त्याला बजावलं, प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही. आबांच्या बायकोचं काम करणारीला सांगितलं, "तो अडला की काहीतरी विचार त्याला." समोरच्या विंगेत डिमरवर बसलेल्या पोराला सांगितलं, "आज वाक्यावर जाऊ नको, माझ्या हाताकडे बघ."

नट बदलल्याची घोषणा झाली तेव्हा प्रेक्षकांत जरा कुजबुज झाली. मग नारळ, तिसरी घंटा, पडदा.

दोन प्रवेश निभावले. रवी वाचतोय हे पहिल्या रांगेला कळलं असेल, पण हिशेब बघणारा म्हातारा वहीत डोकं घालणारच.

तिसऱ्या प्रवेशात व्यापारी आबांच्या हातातली वही हिसकावतो. हे कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. माधुरीताईंच्याही नाही.

वही गेली. रवी रिकाम्या हातांकडे बघत उभा. ताईंनी विंगेतून वाक्य दिलं, पुन्हा दिलं, या वेळी बरंच मोठ्यानं. त्याच्या कानात शिरेना. आबांची बायको विचारायचं विसरून त्याच्याकडे बघत राहिली.

"केळी सडी गयी तरी चाली," रवी एकदम ओरडला, "पन मी सही कराव नही!"

मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या, मग टाळ्या.

"हे संहितेत नाही," सर कुजबुजले.

"माहितीये." व्यापारी आपल्या क्यूची वाट बघत खांबासारखा उभा होता. ताईंनी त्याला बोटानं खूण केली, चल, पुढे, आणि दुसरा हात डिमरवाल्यासाठी वर धरला.