शाळेतील हात धुण्याविषयीच्या अॅनिमेशन मालिकेसाठी अर्थसाहाय्याची विनंती

दिनांक : 10 मे 2025
विश्रामबाग, सांगली

प्रति,
मा. अध्यक्ष व विश्वस्त मंडळ यांस

विषय : ‘पंगतीआधी वीस सेकंद’ या सहा भागांच्या मालिकेसाठी 2,50,000 रुपयांचे साहाय्य मिळणेबाबत.

सविनय नमस्कार,

आपला न्यास जिल्ह्यातील मुलांच्या आरोग्यासाठी लहान पण नेमक्या कामांना हातभार लावतो, म्हणून हे पत्र लिहीत आहोत. आम्ही दोन अॅनिमेटर, एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आणि मिरजेतील एक बालरोगतज्ज्ञ असे चौघे मिळून ही मालिका करू इच्छितो. प्रत्येक भाग तीन मिनिटांचा असेल.

‘जेवणाआधी हात धुवावेत’ हे जिल्हा परिषदेच्या शाळेतील पहिलीच्या मुलालाही पाठ असते. तरीही पोषण आहाराच्या सुट्टीत नळापाशी रांग लागते तेव्हा मागची मुले घाई करतात, पुढचे मूल बोटे पाण्याखाली धरून पळते आणि साबण असला तरी कोरडाच राहतो. म्हणजे उणीव माहितीची नाही, सवयीची आणि सोयीची आहे. जंतूंची भीती घालणारे चित्रपट आम्हाला म्हणूनच करायचे नाहीत. आम्हाला ती रांगच पडद्यावर आणायची आहे. अमेरिकेतील सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या माहितीनुसार हात धुण्याविषयीच्या लोकशिक्षणामुळे अतिसाराने आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 23 ते 40 टक्क्यांनी, तर पोटाच्या विकारांमुळे शाळकरी मुलांची होणारी गैरहजेरी 29 ते 57 टक्क्यांनी घटते. आपल्याकडे तेवढाच फरक पडेल असा दावा आम्ही करत नाही, पण हे काम हाती घेण्यास एवढा आधार पुरेसा वाटतो.

मालिकेचा नायक एक अंगठा आहे. हात धुताना अंगठा, बोटांची टोके आणि बोटांमधल्या बेचक्या सर्वाधिक वेळा राहून जातात. म्हणून ‘अंगठेराव’ दर भागात आपल्याला विसरल्याची तक्रार घेऊन येतात आणि मुले त्यांना शोधत शोधत संपूर्ण हात चोळायला शिकतात. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढ घेते, त्यामुळे तेलकट मळ आणि त्याला चिकटलेले जंतू सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. डोळ्यांना न दिसणारी ही क्रिया दाखवायला अॅनिमेशनइतके सोयीचे माध्यम दुसरे नाही. संवाद आपल्या भागातल्या बोलीत असतील : “आरं, मला इसरलास व्हय?” एवढ्यावर मुले हसतात, आणि हसलेली गोष्ट त्यांच्या लक्षात राहते. चोळण्याचे वीस सेकंद मोजण्यासाठी तेवढ्याच लांबीचे एक नवे बडबडगीत रचले जाईल.

जत आणि आटपाडी या तालुक्यांतील पाणीटंचाई डोळ्यांसमोर ठेवून एक भाग केवळ कमी पाण्यात हात धुण्यावर आहे : हात ओले करायचे, नळ बंद करायचा, चोळून झाल्यावर पुन्हा सोडायचा; नळ नसेल तर तांब्याने पाणी घालायचे. दुसरा एक भाग कृष्णेच्या पुरानंतरचा आहे. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या गावांत, पाणी ओसरल्यावर शाळेच्या चिखलात हात घालणाऱ्या मुलांना त्याची गरज आहे. उरलेल्या भागांत शौचालयानंतरची वेळ, नखे, खोकला व शिंक आणि घरच्या धाकट्या भावंडाला भरवणे हे विषय येतील.

नळाजवळ साबण नसेल तर चित्रफीत कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग नाही, असे आमचे ठाम मत आहे. म्हणूनच चाचणीच्या चार शाळांसाठी साबण व तो नळाला टांगण्याच्या जाळीच्या पिशव्या यांची तरतूद आम्ही अंदाजपत्रकातच केली आहे.

एकूण खर्च 3,60,000 रुपये अपेक्षित आहे : चित्रांकन व अॅनिमेशन 2,40,000, ध्वनिमुद्रण व संगीत 45,000, शाळांतील चाचणी व प्रवास 30,000, साबण व पिशव्या 25,000 आणि वैद्यकीय तपासणी व छपाई 20,000. यांपैकी 1,10,000 रुपये आम्ही स्वतःच्या बचतीतून व स्थानिक देणग्यांतून उभे करू. आपले साहाय्य तीन हप्त्यांत मिळावे आणि प्रत्येक हप्ता आधीच्या टप्प्याचे काम पाहूनच द्यावा, ही विनंती. खर्च आटोक्यात राहावा म्हणून कागदी कटआउटची पद्धत निवडली असून सेकंदाला बाराच चित्रे वापरू.

जूनमध्ये शाळा उघडताच पटकथेची कच्ची चित्रे मुलांना दाखवू. पहिले दोन भाग 15 ऑक्टोबरच्या जागतिक हात धुवा दिनापूर्वी आणि उर्वरित चार जानेवारीअखेर पूर्ण होतील. शिक्षकांना मोबाईलवरून पाठवता येतील अशा लहान आकाराच्या फायली सर्व शाळांना विनामूल्य मिळतील. वीज किंवा पडदा नसेल तेथे हीच चित्रे मोठ्या तक्त्यांवर छापून देऊ.

परिणाम पाहताना ‘हात धुतोस का?’ असे मुलांना विचारणार नाही, कारण सगळीच ‘हो’ म्हणतात. मालिकेपूर्वी व नंतर आठवड्याला किती साबण झिजला याचे वजन करू आणि जेवणाच्या रांगेचे दुरून निरीक्षण करू. आकडे निराशाजनक आले तरी ते जसेच्या तसे आपल्याला सादर करू.

पहिल्या भागाची पटकथा व अंगठेरावांची रेखाचित्रे सोबत जोडली आहेत. आपण वेळ दिल्यास कार्यालयात येऊन कच्ची चित्रफीत दाखवण्याची आमची तयारी आहे.

आपले विश्वासू,
मालिका निर्मिती गटाच्या वतीने समन्वयक

सोबत : पटकथा, रेखाचित्रे, तपशीलवार अंदाजपत्रक