आत्याबाई आल्या, वाट सोडा!

राजेहो, कालपासून मी आत्या आहे. नुसती आत्या नाही, आत्याबाई. ते ‘बाई’ लावायचंच, मानाचं आहे. मिशा नाहीत म्हणून काका म्हणता येत नाही, तेवढंच काय ते कमी.

बाहेर ४४ डिग्री ऊन, धंतोलीतल्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर पापड भाजावेत असं, आणि आत आमची पोट्टी मूठ आवळून झोपलेली. वजन २ किलो ९००. नाक आईचं, रंग वहिनीचा, आवाज माझा. दादाचं अजून काही सापडलं नाही, शोध सुरू आहे. नर्सबाईंनी विचारलं, “पेशंटच्या कोण तुम्ही?” म्हटलं, “पेशंटचं नंतर पाहू, मी पोरीची आत्या.” वहिनी हसली आणि लगेच “टाके दुखतात, हसवू नका” म्हणून ओरडली.

बारशाला नाव मी ठेवणार. कानात कुर्र करताना पाठीवर जे धपाटे पडतील ते सोसायची तयारी आहे. मावशीपार्टीने फक्त जुने हिशोब त्यात काढू नयेत. नाव काय, ते विचारू नका. दादाने दोनदा तर्री पोहे खाऊ घालून पाहिलं, पोहे संपले, नाव कळलं नाही.

आता लाडाचं. आईबाप शिस्त लावतील, ते त्यांचं काम. माझ्याकडे मोबाइलवर यादी तयार आहे, बाप्पा! संत्र्यांचा आंबिया बहार येईपर्यंत ही सहा-सात महिन्यांची होईल, तेव्हा पहिली फोड चोखायला मी देणार (बिया काढून, डॉक्टरांना विचारून, वहिनी डोळे वटारू नको). दात आले की संत्रा बर्फी. चालायला लागली की महाराजबाग, आणि तिथून परत येताना जे मागेल ते. “नाही” हा शब्द मी तुम्हा दोघांसाठी राखून ठेवलाय.

पण सगळ्यात आधी तान्हा पोळा. चार महिन्यांची असेल, कडेवर घेऊन फिरवीन. लाकडी बैल महालातून आणणार, चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला, गल्लीतल्या सगळ्यांपेक्षा एक वीत उंच. त्याच दिवशी मारबत बघायला नेणार नाही, गर्दी फार. गच्चीतूनच ओरडू, पोटदुखी, रडारड घेऊन जा गे मारबत!

आणि दादा, मी सहा वर्षांची असताना माझ्या नंदीचं चाक कोणी मोडलं आणि माझा बोजारा कोणी खिशात घातला, हे मी विसरले नाही. पहिलं दार तुझंच वाजवणार आहोत. सुट्टे काढून ठेव.

#आत्याबाई #नागपूरचीपोट्टी #बोजाराद्या